शेजारच्या सीटवरचं लायसन्स

बाबा ओरडले, "थांब! पोरगी!" आणि मी ब्रेक दाबला. बाबांनीही मधला हँडब्रेक खेचला. गाडी जागच्या जागी थांबली, आणि पुढच्याच क्षणाला मागून धाडकन आवाज झाला. पट्ट्याने मला मागे ओढलं, नाहीतर कपाळ स्टिअरिंगवर आपटलंच असतं.

"बाबा, लागलं का?"

"नाही. तुला?"

मलाही काही लागलं नव्हतं, त्यामुळे मी दार उघडून खाली उतरले. मी स्वभावाने तापट आहे. हॉस्पिटलच्या वॉर्डातल्या मुली माझ्यामागे मला 'मिरची सिस्टर' म्हणतात, आणि मला ते माहीत आहे हेही त्यांना माहीत आहे. मागे गाद्या भरलेला टेम्पो होता. त्याचा चालक दोन्ही हात कंबरेवर ठेवून आमचा चेपलेला बंपर बघत उभा होता, जणू तो मीच चेपून त्याच्यासमोर आणून ठेवलाय.

"काय हो, झोपला होतात का?" मी म्हणाले.

"मी झोपलो होतो? बाई, समोर रस्ता मोकळा आणि तुम्ही मधेच कचकन ब्रेक मारलात!"

"मुलगी आडवी आली."

"कुठली मुलगी? मला तर कुणी दिसलं नाही."

"दिसली नाही म्हणूनच तर ठोकलीत! डोळे आहेत की शर्टाची बटणं? आणि हे काय लिहिलंय, हे तरी दिसतं का?" मी मागच्या काचेखालच्या पांढऱ्या पाटीवरच्या लाल 'एल'वर बोट आपटलं. "शिकाऊ चालक पुढे असताना अंतर ठेवायचं असतं. पुढेही पाटी आहे, मागेही आहे, दोन्ही धुऊनपुसून लावलेल्या आहेत. शेजारी पस्तीस वर्षं बस चालवलेले सासरे बसलेत. मागची सीट रिकामी आहे. रस्ता साधा आहे, जलद मार्ग नाही. सांगा, माझं काय चुकलं?"

फुटपाथवर दहापाच माणसं जमली होती. त्यातल्या एका म्हाताऱ्याने मान डोलावली, त्यामुळे मला आणखी जोर चढला.

इतका जोर का, तेही सांगते. गुरुवारी माझी पक्क्या लायसन्सची टेस्ट होती आणि हा सोमवार होता. एकोणीस वर्षं मी एकाच वॉर्डात पाळ्या करून काढली. आता हॉस्पिटलने घरोघरी जाणाऱ्या नर्सची जागा काढली होती. सकाळी नऊ ते पाच, अंथरुणाला खिळलेल्या पेशंटना घरी जाऊन मलमपट्टी करायची. मोठ्या सिस्टरनी मला बोलावून सांगितलं होतं, जागा तुझीच, पण एक तारखेला हातात पक्कं लायसन्स पाहिजे. शिकाऊ चालणार नाही, कारण पेशंटच्या घरी जाताना शेजारी सासऱ्यांना घेऊन कोण फिरणार?

म्हणून गेले तीन महिने मी नियम देवासारखे पाळत होते. शिकाऊ परवान्याबरोबर मिळालेला नियमांचा कागद फ्रिजवर चिकटवला होता. शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस हवाच. पाट्या दोन्हीकडे हव्यात. जलद मार्गावर जायचं नाही. देखरेख करणारा सोडून दुसरं कुणी गाडीत बसवायचं नाही. एकदा नणंद तान्ह्या बाळाला घेऊन बसस्टॉपवर उभी होती. बाबा म्हणाले, "घे गं तिला, दोन गल्ल्यांचा तर प्रश्न आहे." मी काच खाली केली, तिला नियम समजावून सांगितला आणि पुढे निघून गेले. ती अजून माझ्याशी धड बोलत नाही. हॉस्पिटल जलद मार्गाने दहा मिनिटांवर आहे, तरी मी आतल्या रस्त्याने अर्धा तास घालवायचे. नवरा हसायचा. त्याने स्वतः कधी स्टिअरिंगला हात लावलेला नाही. पस्तीस वर्षं बस चालवलेल्या माणसाच्या पोराला गाडी लागते, पिशवी घेऊन बसावं लागतं, हा आमच्या घरातला जुना विनोद आहे.

तेवढ्यात चौकातून वाहतूक पोलीस मॅडम आल्या. माझ्याच वयाच्या असतील. सावकाश चालणाऱ्या, सावकाश बोलणाऱ्या. त्यांनी आधी दोन्ही गाड्यांचे फोटो काढले, मग टेम्पोवाल्याचे कागद घेतले, मग माझा शिकाऊ परवाना बघितला.

"मुदत आहे," त्या म्हणाल्या. "पाट्या आहेत. गाडीचा विमा?"

"आहे." मी लगेच काढून दिला.

"काय झालं?"

"सात-आठ वर्षांची मुलगी एकदम आडवी आली. मी ब्रेक मारला. यांनी अंतर ठेवलं नव्हतं, मागून ठोकलं."

मॅडमनी लिहून घेतलं. टेम्पोवाला काही पुटपुटला, पण त्याचा आवाज खाली आला होता. मला आतून गुदगुल्या होत होत्या. चूक त्याची, नुकसानभरपाई त्याची, आणि गुरुवारी माझी टेस्ट.

"शेजारी कोण होतं?"

"सासरे." मी खिडकीत वाकले. "बाबा, तुमचं लायसन्स द्या हो."

बाबा गाडीतून उतरले नव्हते. पट्टासुद्धा काढला नव्हता. ते समोरच्या काचेकडे बघत होते.

"बाबा."

त्यांनी शर्टाच्या खिशातून प्लास्टिकच्या पाकिटातलं लायसन्स काढलं आणि माझ्या हातात दिलं. मी ते तसंच मॅडमना दिलं.

मॅडमनी पुढची बाजू बघितली, उलटं केलं, परत सुलटं केलं. मग माझ्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं.

"याची मुदत संपून चौदा महिने झालेत," त्या म्हणाल्या.

मला वाटलं त्या टेम्पोवाल्याच्या लायसन्सबद्दल बोलतायत. मी चक्क त्याच्याकडे वळून "बघा!" असं म्हणाले. अजूनही ते आठवलं की मला कुठे तोंड लपवू असं होतं.

"तुमच्या सासऱ्यांच्या," मॅडम म्हणाल्या.

त्यांनी तारखेवर अंगठा ठेवून कार्ड माझ्यासमोर धरलं. मी तारीख वाचली. परत वाचली. एकोणीस वर्षं मी इंजेक्शनच्या बाटलीवरची तारीख वाचल्याशिवाय सुई टोचलेली नाही.

"नवीन केलं असेल त्यांनी," मी म्हणाले. "घरी असेल. बाबा, नवीन घरी आहे ना?"

बाबा पट्ट्याचं बटण चाचपत राहिले.

"बाबा!"

"नाही," ते म्हणाले.

टेम्पोवाला आता मोकळेपणाने हसला. मॅडमनी त्याच्याकडे बघितल्यावर तो गप्प झाला, पण गर्दीतल्या ज्या म्हाताऱ्याने मघाशी मान डोलावली होती, तोही आता दुसरीकडे बघत होता.

"म्हणजे मॅडम," मी म्हणाले, आणि माझा आवाज मलाच ओळखू येईना, "म्हणजे मी..."

"शिकाऊ परवान्यावर गाडी चालवायची तर शेजारच्याचं लायसन्स चालू पाहिजे. ते नसेल तर शेजारी कुणी नसल्यासारखंच. तुम्ही एकट्या गाडी चालवत होतात, असं धरलं जातं. विमा कंपनीही हेच म्हणेल."

तीन महिने. रोज पाळीला जाताना, रोज पाळीहून येताना. नणंदेला बाळासकट बसस्टॉपवर ठेवून मी पुढे गेले ते नियमासाठी, आणि त्या दिवशीसुद्धा मी बेकायदा होते.

माझा धीर सुटला, पण जीभ थांबली नाही. "बरं, ते माझं चुकलं. पण ठोकलं तर यानेच ना? मुलगी आडवी आली होती!"

"तेही बघून घेऊ," मॅडम म्हणाल्या. कोपऱ्यावर औषधाचं दुकान होतं. त्याच्या पाटीखाली रस्त्याकडे तोंड केलेला कॅमेरा होता.

दुकानदाराने गल्ल्यामागच्या टीव्हीवर कॅमेऱ्याचं चित्रण लावून दिलं. मी, मॅडम आणि टेम्पोवाला खोकल्याच्या बाटल्यांच्या रांगेशी दाटीवाटीने उभे राहिलो. चित्रात रस्ता दिसत होता. रिकामा रस्ता, समोरच्या इमारतीवरच्या जाहिरातीच्या फलकाची सावली, आणि आमची छोटी गाडी येताना. गाडी एकदम थांबली. मागून टेम्पो आला आणि आदळला.

मुलगी नव्हती.

"परत लावा," मी म्हणाले.

दुकानदाराने परत लावलं. दोन्ही फुटपाथ दिसत होते. एकावर पिशवी घेतलेला माणूस पाठमोरा चालला होता, दुसऱ्यावर कुणीच नव्हतं. रस्त्यावर माणूस सोडा, कुत्रंसुद्धा नव्हतं.

"आणखी एकदा लावू का?" दुकानदाराने विचारलं. टेम्पोवाला या वेळी हसला नाही. मला ते जास्त लागलं.

"तुम्ही म्हणालात सात-आठ वर्षांची," मॅडम म्हणाल्या. "कपडे कसले होते?"

मला त्या मुलीचे कपडे आठवेनात. केस आठवेनात. ती डावीकडून आली की उजवीकडून, तेही आठवेना. मला आठवत होता तो फक्त बाबांचा आवाज. ते "पोरगी" म्हणाले आणि माझ्यासाठी तिथे पोरगी उभी राहिली. मी शपथेवर सांगितलं असतं. भर रस्त्यात एका माणसाच्या डोळ्यांची टिंगल केली, आणि मी स्वतः काहीच बघितलं नव्हतं.

चौकी चौकातच होती. एक खोली, दोन टेबलं, कोपऱ्यात जप्त केलेल्या नंबरप्लेटींचा ढीग. टेम्पोवाल्याचा जबाब आधी झाला. अंतर न ठेवल्याचा दंड त्याला बसलाच, पण जाताना तो मला म्हणाला, "बाई, सांभाळून." त्याच्या बोलण्यात खोच असती तर मला उत्तर देता आलं असतं.

बाबा बाकावर बसले होते. मी त्यांच्यासमोर उभी राहिले.

"नूतनीकरण का नाही केलंत?"

"फॉर्म आणला होता." ते खाली बघत होते. "आमच्या वयाला डोळ्यांचा दाखला जोडावा लागतो. डॉक्टरने सही केली नाही."

"का?"

"मधोमध डाग आहे. दोन्ही डोळ्यांत. आतला पडदा झिजलाय म्हणे. कडेकडेचं दिसतं. समोरचं..." त्यांनी नाकासमोर तळहात धरला आणि हलवला. "समोरचं असं आहे."

मी नर्स आहे. माझ्या घरात, माझ्या ताटासमोर बसून जेवणाऱ्या माणसाच्या डोळ्यांचा पडदा झिजला आणि मला कळलं नाही. ते पेपर वाचेनासे झाले तेव्हा मी म्हणाले होते, बरं झालं, रद्दी कमी. रेडिओ लावायला लागले तेव्हा म्हणाले होते, हौस आहे म्हाताऱ्याला. बोलताना ते माझ्या तोंडाकडे न बघता कानाकडे बघतात, म्हणून मला राग यायचा.

"मग तीन महिने तुम्ही मला काय सांगत होतात?" माझा आवाज चढला. मॅडमनी मान वर केली, पण मला अडवलं नाही. "डावीकडून मोकळं आहे, घे. पुढे खड्डा आहे, हळू. ते कुठून सांगत होतात?"

"ऐकून," बाबा म्हणाले. "आणि रस्ते पाठ आहेत, सूनबाई. कुठला खड्डा कुठे आहे ते झोपेतही सांगेन. कडेने गाडी आली तर दिसते. आज कसलीशी सावली मधे आली. मला पोरगीच वाटली."

"आणि खरीच पोरगी आली असती तर?"

मला दोन्ही हातांनी त्यांना गदागदा हलवावंसं वाटत होतं, आणि त्याच वेळी त्यांच्या शर्टाचं वरचं बटण चुकीच्या काजात आहे हे मला दिसत होतं. ते किती दिवस तसं लागत होतं कोण जाणे.

"या," मॅडमनी मला टेबलाशी बोलावलं. समोर छापील कागद होता. "नीट ऐका. दंड तुम्हाला भरावा लागेल, त्यात काही बदल नाही. शेजारच्याचं लायसन्स चालू आहे की नाही, हे बघायची जबाबदारी शिकणाऱ्याची असते. पण परवाना कार्यालयाला मी अहवाल पाठवणार, त्यात एक रकाना आहे. देखरेख करणाऱ्याने लायसन्स लपवलं किंवा खोटं सांगितलं असेल, तर मी तसं लिहीन. मग बहुतेक ते तुमचा शिकाऊ परवाना चालू ठेवतील, गुरुवारची टेस्ट होईल. तसं नसेल, तर परवाना निलंबित होईल. काही महिने जातील, आणि मग पुन्हा पहिल्यापासून."

"आणि लपवलं असं लिहिलं तर यांचं?"

"यांच्यावर स्वतंत्र प्रकरण होईल. वय बघता काय होईल ते कोर्ट ठरवेल."

काही महिने. एक तारखेला जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती. वॉर्डातल्या एका मुलीकडे लायसन्स होतं, ती वाटच बघत होती.

"तुम्ही यांचं लायसन्स कधी बघितलं होतंत?" मॅडमनी विचारलं.

मी काही बोलायच्या आत बाबा बाकावरून म्हणाले, "मी दाखवलंच नाही तिला. लपवून ठेवलं. चालू आहे म्हणून सांगितलं. लिहा तसं."

त्यांचा आवाज ठाम होता, बसमध्ये शेवटचा स्टॉप ओरडून सांगतात तसा. मला खरोखर वाटलं, सुटले. मॅडमनी पेन उचललं. मीही मनातल्या मनात गुरुवारची वेळ म्हणून टाकली, साडेदहा.

आणि मग मला पहिली सकाळ आठवली. मी चावी फिरवायच्या आधी बाबांनी खिशातून हेच पाकीट काढून माझ्यासमोर धरलं होतं. "बघून घे," म्हणाले होते. "तुझ्या कागदावर लिहिलंय ना, बघून घ्यायचं." मी दोन्ही हात वर केले होते. "बाबा, काहीतरीच काय! तुमचं लायसन्स मी तपासू? पस्तीस वर्षांत एक ओरखडा नाही तुमच्या नावावर. पाप लागेल मला." त्यांनी हात मागे घेतला नव्हता. तो तसाच पुढे होता. शेवटी मीच ते पाकीट त्यांच्या हातून घेतलं, न वाचता त्यांच्या खिशात घातलं आणि वरून खिसा थोपटला. मला तेव्हा मोठी आदर्श सून झाल्यासारखं वाटलं होतं.

मॅडमचं पेन कागदावर टेकलं होतं.

"थांबा," मी म्हणाले.

"सूनबाई, गप्प बस," बाबा म्हणाले.

"त्यांनी दाखवलं होतं, मॅडम. पहिल्याच दिवशी समोर धरलं होतं. मी वाचलं नाही."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "हे तुम्ही लिहून देताय? याचा अर्थ कळतोय ना?"

"कळतोय."

मी लिहिलं. अक्षर वाकडंतिकडं आलं. मुलगी मी बघितली नाही, हेही लिहिलं. खाली सही केली. मॅडमनी शिकाऊ परवाना घेऊन टाचणीने कागदाला लावला, आणि तो टेबलाच्या खणात गेला. गाडी तिथेच ठेवायची होती. ती न्यायला घरात आता लायसन्स असलेलं कुणीच नव्हतं.

बाहेर चौकीच्या पायरीवर मी कठड्याला धरून उभी राहिले. रडू येत होतं आणि रागही येत होता, पण कुणाचा ते ठरत नव्हतं.

"कशाला बोललीस?" बाबा म्हणाले. "मी म्हणत होतो ना, माझ्यावर घाल. माझं आता काय जायचंय?"

"मला एक सांगा," मी म्हणाले. "मुदत संपलीय हे तुम्हाला माहीत होतं. मग त्या दिवशी ते माझ्यासमोर धरलंत कशाला? मी वाचलं असतं तर?"

बाबांनी माझ्या आवाजाच्या दिशेने मान वळवली.

"तू वाचावंस म्हणूनच धरलं होतं," ते म्हणाले. "मला दिसत नाही हे घरात तोंडाने सांगायचं धाडस होत नव्हतं, गं. म्हटलं, तू तारीख वाचशील, ओरडशील, आणि मला काही बोलावं लागणार नाही. तू खिशात परत घातलंस. मग तुझा तो विश्वास मला मोडवेना."